वॉर्डातली सिस्टर आणि टेरिकॉटचा गणवेश

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. कालव्याने शेते हिरवी दिसतात, पण हवा कोरडीच राहते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीवर जातो. नर्स आणि तंत्रज्ञांच्या गणवेशाचे कापड निवडताना हीच गोष्ट सर्वांत आधी विचारात घ्यायला हवी, आणि नेमकी तीच राहून जाते. निवड होते ती दरावर आणि इस्त्री टिकते का, यावर.

बाजारात गणवेशासाठी सर्रास मिळते ते 67:33 टेरिकॉट, म्हणजे 67 टक्के पॉलिएस्टर आणि 33 टक्के कापूस. प्रमाणित हवेत 100 ग्रॅम कोरडा कापूस साडेआठ ग्रॅम ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. या मिश्रणाचा हिशेब जेमतेम तीन ग्रॅमवर येतो. सुती कापड घाम शोषून पसरवते आणि कोरड्या हवेत तो उडताना अंग गार होते. पॉलिएस्टर जास्त असले की तो कातडीवरच चिकटून राहतो. पंख्याखालच्या जनरल वॉर्डात बारा तास उभ्या असलेल्या सिस्टरला हा फरक दुपारी दोननंतर पाठीवर जाणवतो.

टेरिकॉटच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की ते लवकर वाळते. कोकणात हे म्हणणे खरे आहे. इंदापुरात मात्र पावसाळ्याचे काही आठवडे सोडले, तर रात्री धुतलेला सुती जोडही सकाळी ड्यूटीच्या आत वाळतो. म्हणजे इथे टेरिकॉटची सर्वांत मोठी सोय फारशी कामाची उरत नाही. टिकाऊपणा आणि चुण्या न पडणे हे त्याचे गुण मात्र इथेही खरे, आणि घरी इस्त्रीला वेळ नसलेल्या बाईला ते कमी महत्त्वाचे नसतात.

धुण्याची बाजू अधिक नाजूक आहे, कारण अनेकींचे गणवेश घरीच धुतले जातात. 2000 साली अमेरिकेत नीली आणि मेली या संशोधकांनी रुग्णालयातल्या कापडांवर स्टॅफिलोकोकाय आणि एन्टरोकोकाय सोडून पाहिले. सगळे जंतू किमान एक दिवस तगले, काही नव्वद दिवसांहूनही जास्त, आणि कृत्रिम धाग्यांवर ते एकंदरीत अधिक काळ टिकले. त्यामुळे सुती कापड जंतूंपासून वाचवते असे मात्र कुणी समजू नये. वाचवते ती धुलाई. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत घरच्या धुलाईसाठी 60 अंश आणि 10 मिनिटे सांगितली जातात. सुती कापड उकळत्या पाण्यातही निभावते. टेरिकॉट उकळत्या पाण्यात बोळा करून टाकले, तर पडलेल्या चुण्या निघता निघत नाहीत.

ब्लीचिंगचे पाणी वापरायचे असेल तर रंगाची चौकशी करावी. मिश्र कापडात पॉलिएस्टरचा रंग तसाच राहतो, कापसाचा उडतो आणि कपडा विटक्या ठिपक्यांचा दिसू लागतो. व्हॅट डायने रंगवलेले कापड क्लोरीनला सहसा दाद देत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका बसून सुती कापड करडे पडते. तिथे साबणाऐवजी डिटर्जंट घ्यावा आणि शेवटचे पाणी भरपूर वापरावे.

तंत्रज्ञांना एकच नियम लावता येत नाही. वातानुकूलित सीटी कक्षात काम करणाऱ्याचा घामाने भिजलेला सुती कपडा थंडगार होऊन अंगाला चिकटतो. तिथे टेरिकॉट बरे. प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा किंवा बर्नर असेल तर उलट, कारण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. सुती कापडही पेटते, पण त्याचा वितळलेला थेंब अंगावर पडत नाही. निर्जंतुकीकरण विभागात ऑटोक्लेव्हजवळ उभ्या राहणाऱ्यालाही, तिथल्या उष्णतेमुळे, सुतीच द्यावे.

शुद्ध सुती म्हणून मिश्रण विकले जाते का, हे तपासणे सोपे आहे. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे काढून ज्योतीवर धरावेत. कापूस कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर असेल तर टोकाला कडक मणी राहतो. आटण्याची परीक्षाही करावी: 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून तीन वेळा धुवावा. एखादी बाजू 48.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर कापड तीन टक्क्यांहून जास्त आटले. ते परत करावे. सॅनफोराइज्ड असल्याचा शिक्का असला तरी ही परीक्षा चुकवू नये.

वजनाकडेही लक्ष हवे. जाड 220 जीएसएमचे सुती ट्विल या उन्हात पातळ टेरिकॉटपेक्षाही त्रास देईल. वॉर्डासाठी 140 ते 160 जीएसएमचे साध्या विणीचे सुती पुरेसे आहे. इस्त्रीची अडचण मोठी वाटत असेल तर कापूस 60 टक्के किंवा अधिक असलेले मिश्रण घ्यावे. 67:33 घेऊ नये.

सोलापूर हे गणवेशनिर्मितीचे मोठे केंद्र इंदापूरपासून महामार्गावर फार लांब नाही, आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत टेक्स्टाईल पार्क आहे. खरेदीचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती, की निविदेत टक्केवारी, जीएसएम आणि रंगाचा प्रकार लिहून द्या, आणि मोठी ऑर्डर देण्याआधी एक जोड वॉर्डातल्या सिस्टरला मे महिन्यात आठवडाभर घालायला द्या. तिचे मत ऐकूनच सही करा.