खालची अर्धी टाकी हळू का रिकामी होते?

एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी काठोकाठ भरलेली टाकी घ्या. तळाला २५ मिलिमीटर व्यासाचं भोक आहे. बाहेर पडताना धार आक्रसते, त्यामुळे सुरुवातीला सेकंदाला सुमारे १.३ लिटरच पाणी जातं. या हिशेबाने हजार लिटर तेरा मिनिटांत संपायला हवेत. प्रत्यक्षात जवळपास सव्वीस लागतात.

कारण टोरिचेलीने १६४४ साली मांडलेला नियम: धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. उंची पाव उरली की वेग निम्मा. म्हणून वरची अर्धी टाकी साडेसात मिनिटांत उतरते, खालचीला अठरा लागतात. अगदी तळाशी मात्र भोवऱ्यातून हवा शिरते, धार अडखळते आणि हे गणित चुकतं.