रात्री बाहेर येणारे पांढरे धागे

पाच वर्षांची मुलगी रात्री दहा-साडेदहाला झोपेतच तळमळू लागते, हात पुन:पुन्हा चड्डीकडे जातो. आई दिवा लावून पाहते, तर शीच्या जागेभोवती दोन-तीन पांढरे बारीक धागे. सुती दोऱ्याचे तुकडे वाटावेत इतके. पण निरखून पाहिलं तर ते वळवळताहेत! आजी म्हणते, "गोड खाऊन जंत झालेत." सकाळी मुलीची शी तपासायला जाते आणि संध्याकाळी रिपोर्ट येतो: कृमी आढळले नाहीत.

असं असंख्य घरांत घडतं. इथे आईचे डोळेही खरे असतात आणि रिपोर्टही. दोन्ही खरं कसं, हे समजायला या जंताची दिनचर्या पाहावी लागते.

हा सूतकृमी. मादी साधारण एक सेंटीमीटर लांब, शेपटीकडे टोकदार. नर तिच्या निम्म्याहून लहान, तो सहसा दिसतच नाही. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला ते राहतात. मादी मात्र तिथे अंडी घालत नाही. मूल झोपलं, की ती खाली सरकत गुदद्वारातून बाहेर येते, भोवतीच्या कातडीवर दहा हजारांच्या घरात चिकट अंडी घालते आणि मरते. खाज सुटते ती यामुळे, आणि म्हणूनच रात्री. अंडी शीमध्ये नसून कातडीवर असल्याने शीच्या तपासणीत ती बहुधा सापडत नाहीत. मुलींमध्ये हा जंत कधी योनीमार्गाकडेही वळतो. मग लघवीच्या जागी खाज येते आणि घरचे भलत्याच कारणामागे लागतात.

पारदर्शक चिकटपट्टीची चाचणी इथे उपयोगी पडते. मूल उठल्याबरोबर, शी-आंघोळ होण्याआधी, पट्टीची चिकट बाजू त्या कातडीवर दाबायची आणि काचेच्या पट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायची. एकाच सकाळच्या नमुन्यात अंडी हुकू शकतात, म्हणून लागोपाठ तीन सकाळी घेतात. अर्थात आईने वळवळणारा धागा प्रत्यक्ष पाहिला असेल, तर निदान जवळपास झालेलंच असतं.

खाजवलं की अंडी नखांत जातात, तिथून तोंडात, चादरीवर, खेळण्यांवर, शेजारी झोपलेल्या भावाकडे. काही तासांतच ती संसर्गक्षम होतात आणि घरात दोन-तीन आठवडे टिकू शकतात. गोड खाण्याचा यात काही संबंध नाही. घरातल्या कुत्र्या-मांजरावरही आळ घेऊ नये. हा जंत माणसाचाच आहे.

गोळी देऊन महिना होतो न होतो तोच जंत पुन्हा दिसतात, तेव्हा लोक गोळीला दोष देतात. अल्बेंडाझोल आतड्यातले मोठे जंत मारते. अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. पहिल्या गोळीनंतर गिळल्या गेलेल्या किंवा तीतून वाचलेल्या अंड्यांतून निघालेली पिढी वाढून अंडी घालण्याआधी तिला गाठायचं असतं. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी गोळी, आणि तीही बहुधा घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. दोन वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई घरात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना गोळी देऊ नये. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी हीच असते. ती मोहीम मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे; तिथली एकच गोळी घेऊन सूतकृमी परत आले, तर त्यात नवल नाही.

गोळीइतकीच कामाची आहे ती सकाळची आंघोळ, कारण रात्रीची अंडी तेव्हाच धुऊन जातात. नखं आखूड, रोज बदललेली चड्डी, आणि चादर न झटकता गुंडाळून गरम पाण्यात. झटकली की अंडी खोलीभर उडतात.

पांढरं दिसलं ते प्रत्येक वेळी सूतकृमीच, असं मात्र नाही. केळं खाल्लेल्या तान्ह्या बाळाच्या शीत काळसर तंतू दिसतात. ते केळ्याचेच असतात. वीतभर लांब, गांडुळासारखा गुळगुळीत जंत पडला, तर तो गोल कृमी.

सगळ्यात सावध व्हायला हवं ते चपटे तुकडे दिसल्यावर. तांदळाच्या दाण्यासारखे किंवा पांढऱ्या फितीच्या तुकड्यांसारखे, कधी हलणारे, हे पट्टकृमीचे खंड असू शकतात. त्यांची एक जात डुकराच्या कच्च्या मांसातून येते. तिची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. त्यामुळे इथे घरच्या घरी गोळी देणं टाळावं. तुकडा झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्यात घालून डॉक्टरांकडे न्यावा, आणि मुलाला कधी झटका आला असेल किंवा डोकं सतत दुखत असेल, तर औषध सुरू होण्याआधी ते आवर्जून सांगावं.