बारकोडचा शेवटचा आकडा

किराणा दुकानाच्या यादीत २००००००००४१६ हा बारा अंकी कोड आहे. बारकोडसाठी त्याला तेरावा, म्हणजे तपासणीचा अंक जोडायचा आहे.

डावीकडून विषम जागांवरचे आकडे जसेच्या तसे मिळवा : २ + १ = ३. सम जागांवरच्यांची बेरीज करून तिला ३ ने गुणा : ४ + ६ = १०, म्हणजे ३०. एकूण ३३. पुढची दहाची पट ४०, तिला ७ कमी. म्हणून पूर्ण कोड २००००००००४१६७. बेरीजच दहाच्या पटीत आली, तर शून्य जोडायचे.

अख्ख्या यादीसाठी स्प्रेडशीटमध्ये A2 पुढे हे सूत्र लिहून खाली ओढावे :

```
=A2&MOD(-SUMPRODUCT(MID(A2,ROW($1:$12),1)*(1+2*(MOD(ROW($1:$12),2)=0))),10)
```

कोड मजकूर म्हणून साठवावेत; नाहीतर सुरुवातीची शून्ये गळतात.

आता चूक करून पाहू. ४१६ ऐवजी १४६ टंकले, तर बेरीज २७ येते, शेवटी ३ हवा. ७ दिसताच चूक पकडली जाते. पण ४६१ टंकले, तर बेरीज २३ आणि शेवटचा अंक पुन्हा ७! शेजारच्या दोन आकड्यांत ५ चा फरक असेल, तर त्यांची अदलाबदल या नियमाला कळत नाही. एकच आकडा चुकला, तर मात्र तो हमखास सापडतो.