गच्चीवरची टाकी आणि नकाशातले चार फुकटचे चौकोन

वसई-विरारमधल्या इमारतींत पाणी दोनदा साठवलं जातं. सूर्या, उसगाव आणि पेल्हार इथून आलेलं पाणी आधी तळाच्या भूमिगत टाकीत पडतं आणि मग पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पंप कधी सुरू व्हावा आणि कधी थांबावा, हे पुष्कळ सोसायट्यांमध्ये वॉचमनच्या आठवणीवर चालतं. ती आठवण चुकली की पाण्याची धार थेट गटारात जाते. वसई रोडच्या विद्यावर्धिनी किंवा विरारच्या विवा या अभियांत्रिकी महाविद्यालयांत डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांनी हा प्रश्न आपल्याच इमारतीसाठी सोडवून पाहावा. चार चलांच्या कार्नो नकाशाची ताकद त्यात दिसते, आणि नकाशा कुठे दगा देतो तेही दिसतं.

चार संकेत घेऊ. तळाच्या टाकीत पुरेसं पाणी असेल तर A हे १. वरच्या टाकीतलं पाणी खालच्या खुणेला टेकलेलं असेल तर B हे १, आणि वरच्या खुणेला टेकलं तर C हे १. पंप या क्षणी चालू असेल तर D हे १. हा चौथा संकेत महत्त्वाचा आहे. पाणी दोन खुणांच्या मध्ये असताना पंप चालू असेल तर तो चालू राहिला पाहिजे, बंद असेल तर बंदच राहिला पाहिजे. हे नसेल तर पाण्याच्या प्रत्येक हिंदकळण्यासरशी मोटर सुरू-बंद होत राहील आणि कॉन्टॅक्टर लवकर जळेल.

चार चलांचे सोळा प्रसंग होतात. ते नुसते एकाखाली एक लिहिले तर त्यांतलं साम्य नजरेत भरत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या मॉरिस कार्नो यांनी १९५३ मध्ये ते चार बाय चारच्या चौकटीत मांडले. एडवर्ड वीच यांचा तक्ता त्याआधी वर्षभर प्रसिद्ध झाला होता. कार्नो यांच्या मांडणीची किमया रकान्यांच्या क्रमात आहे. तो ००, ०१, ११, १० असा ठेवला की शेजारच्या दोन चौकोनांत एकच चल बदलतं. डावी आणि उजवी कडाही एकमेकींच्या शेजारी येतात, वरची आणि खालचीही. शेजारी दोन १ दिसले, तर त्यांच्यात बदलणारं चल उत्तरासाठी गरजेचं नाही, म्हणून ते गळतं.

पंपाला मिळणारा हुकूम F मानला, १ म्हणजे चालू, तर आपल्या पंपाचा नकाशा असा होतो:

```
AB\CD   00  01  11  10
00       0   0   X   X
01       0   0   0   0
11       0   1   0   0
10       1   1   X   X
```

X च्या चार चौकोनांत B शून्य आहे आणि C एक, म्हणजे पाणी वरच्या खुणेला टेकलं आहे पण खालच्या खुणेला नाही. असं पाणी नसतं. वर्गात अशा चौकोनाला ‘डोन्ट केअर’ म्हणतात. गट मोठा करायला सोयीचा असेल तिथे त्याला १ माना, नाही तर ० माना, अशी मोकळीक त्यात असते.

मग हात आपोआप तळच्या ओळीकडे जातो. तिथे दोन १ आणि दोन X आहेत. चारही घेतले तर C आणि D दोन्ही गळतात आणि AB' उरतं. उरलेल्या एका १ ला खालच्या शेजाऱ्यासह घेतलं की AC'D मिळतं. त्यात एक चौकोन दुसऱ्यांदा वापरला जातो, पण नियमाला ते चालतं.

```
F = AB' + AC'D
```

परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. गच्चीवर मात्र हे उत्तर बसवू नये.

B आणि C सांगणाऱ्या टाकीतल्या फ्लोटवर शेवाळ साचतं, क्षारांची पुटं चढतात, वायर कुठेतरी अडकते. समजा खालचा फ्लोट खालीच अडकला. आता टाकी काठोकाठ भरली तरी B शून्यच सांगणार, C मात्र एक. जो प्रसंग अशक्य म्हणून सोडून दिला होता तोच आला, आणि आपण त्या चौकोनात १ लिहून ठेवला आहे. AB' हे १ झालं, वरच्या फ्लोटने ‘भरली’ म्हणून सांगूनही पंप चालूच राहिला. तळाची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहणार.

तळच्या ओळीतले दोन X शून्य मानले तर गट लहान होतो, AB' च्या जागी AB'C' येतं:

```
F = AB'C' + AC'D = AC'(B' + D)
```

आता तोच फ्लोट अडकला तरी वरच्या खुणेला पंप थांबतो. पाणी जरा उतरलं की लगेच पुन्हा सुरू होतो. कॉन्टॅक्टरची टकटक वाढली की खालचा फ्लोट बिघडला हे सोसायटीला कळतं.

आता हे सूत्र नॅण्ड गेटांनी बांधू. दोन्ही प्रवेश १ असतील तेव्हाच ० देणारं हे गेट, आणि त्याच्या जोरावर बाकी सगळी गेटं करता येतात. एकाच क्रियेतून सारं बूलीय गणित उभं राहतं, हे हेन्री शेफर यांनी १९१३ मध्येच दाखवलं होतं. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानातल्या संगणकाचं तर्कजाळंही एकाच प्रकारच्या गेटचं होतं, फक्त ते नॉर होतं. आपल्याला परवडणारी आयसी म्हणजे ७४००. चौदा पायांच्या या आयसीत दोन प्रवेशांची चार नॅण्ड गेटं असतात. सुरक्षित सूत्र त्यांवर असं उतरतं:

```
P = NAND(D, D)
Q = NAND(B, P)
R = NAND(C, C)
S = NAND(A, R)
T = NAND(S, S)
U = NAND(Q, T)
F = NAND(U, U)
```

दोन्ही प्रवेश एकत्र बांधले की नॅण्ड उलटं करणारं गेट होतं, म्हणून P हे D', R हे C'. Q मध्ये B' + D तयार होतं. B स्वतंत्रपणे उलटवावा लागत नाही, नॅण्डच ते काम उरकतं. S उलटवून AC' मिळतं, आणि शेवटच्या दोन गेटांतून Q व T यांचा गुणाकार.

एकूण सात गेटं. काटकसरीचं सूत्र A(B' + C'D) असं लिहिलं तर पाचच लागतात. पण एका आयसीत चारच गेटं असतात, म्हणून पाचांनाही दोन आयसी आणि सातांनाही दोनच. वाचवलेली दोन गेटं दुसऱ्या आयसीत रिकामी पडून राहतात. त्या बचतीसाठी वाहत्या टाकीचा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

तरी दोन गोष्टी नकाशाच्या हाताबाहेर आहेत. वरचाच फ्लोट शून्यावर अडकला तर दोन्ही सूत्रं हरतात. त्यासाठी आणखी वर तिसरा फ्लोट लागतो. दुसरी गोष्ट तारेची. ७४०० चा मोकळा प्रवेश १ असल्यासारखा वागतो. C ची तार तुटली तर पंप थांबतो, ते बरंच. पण A ची तुटली तर तळाला पाणी आहे असं समजून पंप कोरडा फिरेल. A च्या प्रवेशापासून ग्राउंडला सुमारे ३३० ओहमचा रोध जोडला की तुटलेली तार शून्य सांगते. F ने मोटर थेट चालवायची नाही; मध्ये ट्रान्झिस्टर, रिले आणि कॉन्टॅक्टर हवेतच, आणि मोटरची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

त्याआधी ब्रेडबोर्डवर F ला एलईडी लावा, A, B, C, D ला १, ०, १, १ द्या आणि पाहा. एलईडी विझला नाही, तर मंडळ गच्चीवर नेऊ नका.