घाम सुकतो तेव्हाच गारवा मिळतो

माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामग्रंथी असतात. शरीराचे आतले तापमान किंचित वाढले की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग दोन कामे एकदम सुरू करतो. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ग्रंथींना घाम सोडण्याची आज्ञा जाते. एरवी कातडीतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त फिरते. कडक उष्म्यात ते सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. आतली उष्णता पृष्ठभागावर आणून टाकायचे काम हे रक्त करते. ती पुढे बाहेर घालवायची ती घामाने. ग्रंथीच्या वेटोळ्यात तयार होणारा घाम चांगलाच खारट असतो, पण वर येताना नळी त्यातले बरेचसे मीठ परत शोषून घेते. घाम वेगाने वाहू लागला की नळीला तेवढी सवड मिळत नाही, म्हणून अंगमेहनतीचा घाम जास्त खारट लागतो.

एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. खाली ठिबकलेला घाम मात्र शरीराचे पाणी आणि मीठ तेवढे नेतो, गारवा जवळजवळ देत नाही.

वाफ किती होणार हे कातडीलगतच्या आणि हवेतल्या बाष्पदाबाच्या फरकावर ठरते. 35 अंशांच्या ओल्या कातडीलगत हा दाब पाऱ्याच्या 42 मिलिमीटरइतका असतो. मे महिन्यात नागपुरात 42 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला दाब जेमतेम 12 भरतो. फरक उरतो 30. मुंबईत 33 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला दाबच 30 होतो आणि फरक उरतो 12. वारा सारखाच असेल तर मुंबईत घाम सुकण्याची क्षमता नागपूरच्या निम्म्याहूनही कमी पडते. नागपूरची हवा कातडीपेक्षा तापलेली असल्याने उलट शरीरालाच उष्णता देते, हे खरे. पण तिथे घाम आपले काम चोख करतो. मुंबईत तो अंगावरून नुसता ओघळतो.

त्यात भर म्हणजे तासन्‌तास ओली राहिलेली कातडी फुगते, ग्रंथींची तोंडे आवळली जातात आणि घामच कमी येऊ लागतो. नळ्या बुजल्या की घामोळे उठते. इकडे कातडीला आणि स्नायूंना एकाच वेळी रक्त पुरवताना हृदयाची धडधड वाढते. घामाने पाणी घटले असेल तर रक्तदाब उतरतो आणि उभ्या-उभ्या भोवळ येते.

अंग घामाने निथळतेय म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये. मेहनत करणाऱ्याला घामेजल्या अंगानेही तो होतो. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, तर त्याला लगेच सावलीत न्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतत जोराचा वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.