फराळाचा संच आणि त्याचं गिऱ्हाईक
डिझाइनची दुकानदारी : लेखांक ६

‘५००० पोस्ट टेम्पलेट्स, फक्त ₹९९’ ही जाहिरात इन्स्टाग्रामवर अधूनमधून दिसतेच. पैसे भरले की एका फोल्डरची लिंक येते. आत योगा क्लासपासून बंगल्यांच्या विक्रीपर्यंत सगळं असतं आणि डोंबिवलीत घरून चकल्या विकणाऱ्या बाईंना लागणारं त्यात काहीही नसतं. असे गठ्ठे बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या कामातून गोळा केलेले असतात, ही गोष्ट वेगळीच. पण सगळ्यात मोठी अडचण आकड्याची आहे. पाच हजारांतून आपली पोस्ट शोधत बसायला कढईसमोर उभ्या असलेल्या माणसाला वेळ नसतो.

म्हणून आज एकच संच घेऊ: दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांसाठी, मराठीत, कॅनव्हावर बदलता येणारा. तो कसा बांधायचा आणि मुख्य म्हणजे कुणाला विकायचा.

आधी पोस्ट मोजायच्या नाहीत, विक्रेतीचं वेळापत्रक बघायचं. नवरात्रीच्या आसपास ती ‘ऑर्डर सुरू’ म्हणते आणि दरपत्रक टाकते. मग एकेका पदार्थाचं कौतुक, भाजणी दळून आल्याचा किंवा पहिला घाणा निघाल्याचा फोटो, मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय. परदेशी पार्सलची शेवटची तारीख स्थानिक ऑर्डरच्या तारखेच्या बरीच आधी येते, म्हणून तिला वेगळी पोस्ट लागते. त्यानंतर ‘दोन दिवस उरले’, ‘ऑर्डर बंद’, डबे कुठून आणि किती वाजता न्यायचे. एवढ्यात तिचा हंगाम संपतो. हे दहा-बारा प्रसंग भरतात. प्रत्येकाची एक पोस्ट १०८० × १३५० पिक्सेलची आणि तीच व्हॉट्सॲप स्टेटससाठी १०८० × १९२० ची केली की चोवीसेक पानांत संच पूर्ण होतो. नुसत्या शुभेच्छांची पोस्ट मी यात घालत नाही. नाव आणि फोन नंबर आपोआप चिकटवून रोजच्या सणाचं चित्र देणारी ॲप्स फोनमध्ये आधीच असतात. त्यासाठी वेगळे पैसे कुणी देत नाही.

मापांबद्दल दोनच गोष्टी. २०२५ पासून इन्स्टाग्राम प्रोफाइलच्या चौकटीत पोस्ट ३:४ मध्ये दाखवतं, त्यामुळे १०८० × १३५० च्या पोस्टच्या दोन्ही कडा थोड्या कापल्या जातात. कडेला चिकटून लिहिलेला भाव तिथे अर्धाच दिसतो. स्टेटस आणि स्टोरीत वरचे साधारण २५० आणि खालचे ३४० पिक्सेल मोकळे ठेवावेत, कारण तिथे नाव आणि उत्तर देण्याची पट्टी येते. फोन नंबर नेमका तळाशी लिहिण्याची आपली सवय इथे नडते.

आता दरपत्रक. संच त्याच्यावरच पास-नापास होतो. डावीकडे पदार्थांची नावं एका चौकटीत आणि उजवीकडे भाव दुसऱ्या चौकटीत, अशी मांडणी संगणकावर देखणी दिसते. मग विक्रेती ‘चकली’ खोडून ‘भाजणीची चकली (लाल तिखटाची)’ लिहिते. नाव दोन ओळींवर जातं आणि खालचे सगळे भाव एका ओळीने सरकतात. करंजीसमोर शेवेचा भाव येतो. तिला ते कळतही नाही, कळतं गिऱ्हाइकाला. उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का: प्रत्येक ओळ स्वतंत्र ठेवायची, नाव आणि भाव एकत्र गटात बांधायचे किंवा सरळ कॅनव्हातला तक्ता वापरायचा. आणि साचा तपासताना ‘सई फूड्स’ नव्हे, ‘श्री स्वामी समर्थ महिला गृहउद्योग’ हे नाव भरून बघायचं. लांब नाव मावलं तर आखूड मावतंच. त्या नावाखाली चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांकासाठी एक बारीक ओळही राखून ठेवायची. ज्यांच्याकडे क्रमांक आहे त्यांना तो दाखवायचा असतोच.

अक्षराची निवड करताना मी एकच ओळ टाईप करून बघतो:

```
पुऱ्या, शंकरपाळ्या, अर्धा किलो ₹२४०, ॲडव्हान्स
```

‘ऱ्या’ नीट न जुळणारे, ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दाखवणारे, ₹ भलत्याच वळणाचा आणणारे फॉन्ट या एका ओळीत गळून पडतात. इंग्रजी फॉन्टमध्ये मराठी टाईप केलं तर कॅनव्हा आपल्या मनाने दुसरं अक्षर लावतं आणि मथळ्याचा सगळा बेत बिघडतो. मुक्त परवान्याचे मुक्ता, बलू २, खंड, यात्रा वन हे फॉन्ट देवनागरीसाठीच घडवलेले आहेत. मथळ्याला एक आणि मजकुराला एक, एवढे दोन पुरतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. तयार इंग्रजी टेम्पलेट घेऊन त्यात मराठी भरलेलं काम ओळखायचं तर हीच जागा बघावी.

रंगांत एक छुपा खड्डा आहे. कॅनव्हात एका वस्तूचा रंग बदलला की सगळीकडचा तोच रंग एकदम बदलण्याची सोय मिळते, त्यामुळे विक्रेतीला दोन-तीन टिचक्यांत पूर्ण संच तिच्या डब्याच्या रंगात आणता येतो. पण तुम्ही एका पानावर #8A1C2B आणि दुसऱ्यावर चुकून #8B1D2C वापरला असेल, तर डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि अर्धी पानं मात्र जुन्याच रंगात राहतात. संच पूर्ण झाल्यावर स्वतः एकदा सगळा निळा करून बघावा. जिथे लाल उरला, तिथे चूक.

फोटोंच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवावी हे बरं. ते पिवळ्या दिव्याखाली, स्टीलच्या ताटात काढलेले असणार. पानभर फोटोवर उभी केलेली रचना अशा फोटोने कोसळते. रंगीत पार्श्वभूमी आणि त्यात मध्यम आकाराची चौकट असेल तर तोच फोटो निभावून जातो. पार्श्वभूमी लॉक करून द्यावी, कारण ही मंडळी फोनवरच काम करतात आणि अंगठ्याने भाव बदलताना मागची नक्षीच सरकते. नक्षी आणि दिवे स्वतः काढलेले किंवा कॅनव्हाचे मोफत असावेत. ‘प्रो’ चित्र घातलं तर मोफत खातं असलेल्या विक्रेतीला ते पाणचिन्हासकट दिसतं आणि तुमच्याकडे आधीच पैसे भरलेल्या बाईंना पुन्हा कॅनव्हाला पैसे भरावे लागतात. तक्रारीचा फोन तुम्हालाच येतो.

द्यायची असते ती टेम्पलेट लिंक. ती उघडली की ‘Use template’ असं बटण दिसतं आणि खरेदीदाराच्या खात्यात स्वतंत्र प्रत तयार होते. तिच्याऐवजी संपादनाची लिंक गेली तर सगळे खरेदीदार तुमच्या मूळ फाइलमध्येच शिरतात आणि सकाळी तुमच्या संचावर कुणाच्या तरी अनारशांचे भाव दिसतात. पाठवण्याआधी लिंक दुसऱ्या खात्यातून, फोनवर उघडून बघायची. मूळ फाइल पुसली की लिंकही मेली, म्हणून ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला हात लावायचा नाही.

आता विक्री. बरेच डिझाइनर मराठी संच करून एट्सीवर लावतात आणि वाट बघत बसतात. एट्सीवरचं गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांतलं असतं, ते इंग्रजीत आणि धंद्याच्या नावाने शोधतं. डोंबिवलीच्या बाई तिथे येत नाहीत. पण आपल्या फराळ संचाचा सांगाडा तिथे चालण्यासारखा आहे. अमेरिकेत घरच्या स्वयंपाकघरातून बिस्किटं, केक विकणारे लोक ख्रिसमसआधी हेच सगळं सांगतात: आगाऊ नोंदणी, खोक्यांचे भाव, शेवटची तारीख, घेऊन जाण्याची वेळ, सगळं संपलं. तारखा आणि भाषा बदलून इंग्रजी संच केला तर त्याला एट्सीवर जागा आहे. तिथे एक वस्तू लावायला २० सेंट लागतात, मुदत चार महिन्यांची. विकली गेली की पुन्हा लावण्याचे २० सेंट. विक्रीवर ६.५ टक्के. ९ डॉलरच्या संचावर हे साधारण ७९ सेंट होतात, पैसे वळते करण्याचं शुल्क त्यावर वेगळं. फाइल पाचच चढवता येतात, प्रत्येकी २० एमबीपर्यंत, म्हणून तिथे एक पीडीएफ देतात आणि लिंक त्यात असते. पहिल्या चित्रात चोवीस पानांची टिकली-टिकली दाखवण्यापेक्षा दरपत्रक आणि ‘संपलं’ ही दोनच पानं वाचता येतील अशी मोठी दाखवावीत.

गमरोडवर दहा टक्के आणि वर ५० सेंट जातात, म्हणजे ९ डॉलरवर १ डॉलर ४० सेंट. त्यांच्या शोधयादीतून गिऱ्हाईक आलं तर तीस टक्के. स्वतःचा वाचकवर्ग किंवा अनुयायी असलेल्यालाच ते परवडतं.

मराठी संच विकला जातो तो ओळखीतून, व्हॉट्सॲप आणि यूपीआयवर. माझ्या पाहण्यात तीन दारं उघडी असतात. एक, केक-चॉकलेटचे वर्ग घेणाऱ्या बाई. त्यांच्या ग्रुपमध्ये शंभर-दोनशे शिकून गेलेल्या विक्रेत्या असतात आणि त्यांचा शब्द चालतो. विक्रीतला वाटा त्यांना मोकळेपणाने द्यावा. दोन, डबे-पाऊच विकणारी दुकानं. फराळाचे डबे घ्यायला येणारी प्रत्येक व्यक्ती तुमचंच गिऱ्हाईक असते, काउंटरवर क्यूआर कोड लावून मिळाला तर बघा. तीन, चार-सहा विक्रेत्यांची पानं महिन्याच्या पैशांवर सांभाळणारी मुलं-मुली. हीच मंडळी पुन्हा पुन्हा खरेदी करतात. त्यामुळे परवाने दोन ठेवावेत: एका धंद्यासाठी ₹२४९ आणि अनेक धंद्यांसाठी ₹९९९. लिंक पुढे ढकलली जाणारच, ती अडवण्याचा उपाय नाही. निदान पैसे देणाऱ्याला परवाना साफ शब्दांत लिहून द्यावा.

आणि बरेच जण म्हणतील, ‘आम्हाला जमणार नाही, तुम्हीच नाव-भाव घालून द्या.’ याला नकार देऊ नये. चोवीस पानांत नाव, नंबर, रंग आणि दर भरायला सरावाने तासाभराच्या आत काम होतं. त्याचे ₹६००-७०० मागितले तर लोक संचापेक्षा सहज देतात. बदलता येणारा साचा इथे तुमच्याच कामाला येतो. हे सगळं घटस्थापनेच्या दोन आठवडे आधी हातात तयार हवं, कारण दरपत्रक एकदा ग्रुपवर गेलं की त्या वर्षी ते कुणी बदलत नाही.