चौकातल्या शंभर सेकंदांत पायी चालणाऱ्याचे किती?

चौकात सिग्नल बसवण्याआधी वाहतूक अभियंता एक आकृती काढतो. तिला फेज डायग्राम म्हणतात. ओळीने काही चौकोन, प्रत्येक चौकोनात त्याच चौकाचा छोटा नकाशा आणि त्या वेळी ज्यांना सोडायचं फक्त त्यांचेच बाण. खाली सेकंदांची पट्टी असते : कोणता दिवा कितव्या सेकंदाला लागेल आणि कितव्याला विझेल. आकृती वाचायला अवघड नाही, आणि एकदा वाचता आली की रस्ता ओलांडताना आपला जीव मुठीत का येतो हेही तिच्यातच सापडतं.

चार रस्ते मिळतात तिथे प्रत्येक रस्त्यावरून तीन दिशांना जाता येतं : डावीकडे, सरळ, उजवीकडे. म्हणजे एकूण बारा बाण. साध्या दुपदरी रस्त्यांच्या चौकात हे सगळे एकाच कागदावर काढले, तर त्यांच्या वाटा 32 ठिकाणी एकमेकींना भिडतात. आठ ठिकाणी त्या फुटतात, आठ ठिकाणी एकत्र येतात, आणि उरलेल्या 16 ठिकाणी एकमेकींना आडव्या छेदतात. जीवघेणे अपघात होतात ते मुख्यतः या शेवटच्या प्रकारात. एकमेकांना छेदणारे बाण एकाच चौकोनात येऊ द्यायचे नाहीत, हा आकृतीचा पहिला नियम.

उत्तर आणि दक्षिण एकत्र सोडले, मग पूर्व आणि पश्चिम, तर दोन टप्प्यांत काम भागतं. पण आपली वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, त्यामुळे उजवीकडे वळणारा समोरून येणाऱ्याची वाट कापतो. असे वळणारे थोडे असतील तर ते फट बघून निघून जातात. जास्त असले की चौकाच्या मध्यभागी तुंबतात आणि सगळ्यांनाच अडवतात. म्हणून आपल्याकडच्या अनेक मोठ्या चौकांत एका वेळी एकच रस्ता सोडतात. टप्पे चार होतात. एकाच रस्त्यावरून निघालेले तीन बाण एकमेकांना कधीच छेदत नाहीत, म्हणून वाहनचालकांपुरता प्रश्न सुटतो.

त्याची किंमत मोजू. समजा, उत्तर-दक्षिण रस्त्याला चौकात शिरणारी बाजू 10 मीटर रुंद आहे आणि पूर्व-पश्चिम रस्त्याला 7 मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीनुसार दर मीटर रुंदीमागे सलग हिरव्या दिव्यात तासाला 525 मोटारी निघू शकतात. (दुचाकी साधारण अर्धी मोटार धरतात, बस तीन मोटारींएवढी.) म्हणजे उत्तरेची क्षमता 5250. प्रत्यक्षात गर्दीच्या तासाला तिथून 1050 येत असतील, तर उत्तरेला एकूण वेळेचा 0.20 भाग हवा. तसंच मोजून दक्षिणेला 0.24, पूर्वेला 0.12 आणि पश्चिमेला 0.14 लागतो असं धरू. बेरीज 0.70.

उरलेला 0.30 वेळ मोकळा नाही. दर टप्प्यात सुमारे 4 सेकंद वाया जातात : हिरवा लागल्यावर रांग हलायला दोन, आणि शेवटी चौक रिकामा व्हावा म्हणून चारही बाजू लाल ठेवायला दोन. चार टप्प्यांचे 16. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी 1958 मध्ये मांडलेलं सूत्र अजूनही वापरात आहे : वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट करा, त्यात पाच मिळवा आणि वरची बेरीज एकातून वजा करून जे उरतं त्याने भागा. इथे 29 भागिले 0.30, म्हणजे सुमारे 97. सोयीसाठी 100 सेकंदांचं चक्र धरू.

मग पट्टी अशी दिसते. शून्यापासून 23 सेकंद उत्तर हिरवी, तीन सेकंद पिवळा, दोन सेकंद सगळीकडे लाल. 28व्या सेकंदाला दक्षिण सुटते, 61व्याला पूर्व, 79व्याला पश्चिम, आणि शंभरावर पुन्हा उत्तर. रांगा वाढल्या की चक्र लांबवा अशी मागणी होते. 100चे 150 केले तर कामी येणारा वेळ 84 टक्क्यांवरून 89वर जातो, एवढंच. उत्तरेच्या माणसाचं थांबणं मात्र सव्वा मिनिटावरून जवळजवळ दोन मिनिटांवर जातं. आणि ती बेरीज 0.90 झाली, तर सूत्र 290 सेकंद सांगतं. तिथे दिव्यांचा उपाय संपलेला असतो.

आता याच आकृतीत उत्तरेच्या रस्त्यावरचा झेब्रा पट्टा बघा. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग चौकात शिरणाऱ्या वाहनांचा, पश्चिमेकडचा अर्धा चौकातून बाहेर पडणाऱ्यांचा. उत्तर हिरवी असताना पहिला अर्धा बंद. दक्षिण हिरवी असताना सरळ येणारी वाहनं दुसऱ्या अर्ध्यावर. पूर्व सुटली की तिथून उजवीकडे वळणारे त्याच अर्ध्यावर, आणि पश्चिम सुटली की तिथून डावीकडे वळणारे. चारही टप्पे संपले, पण संपूर्ण झेब्रा एकदाही मोकळा झाला नाही! वाहनांसाठी सर्वांत सुरक्षित वाटणारी मांडणी पायी माणसाला एकही पूर्ण संधी देत नाही.

उपाय आकृतीतच आहे. बाहेर पडणारा अर्धा भाग उत्तरेच्या टप्प्यात मोकळा असतो, आणि शिरणारा अर्धा बाकीच्या तिन्ही टप्प्यांत. मध्ये दुभाजकावर थांबायला पुरेशी रुंद, कठड्याने राखलेली जागा असेल तर दोन हप्त्यांत नीट ओलांडता येतं. सेकंदाला 1.2 मीटर या चालीने 10 मीटरला साडेआठ सेकंदही लागत नाहीत. हिरवे तर 23 आहेत. म्हातारी माणसं, कडेवर मूल घेतलेली आई यांनाही ते पुरतात. फक्त पादचाऱ्यांचे दिवे दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळे हवेत.

आणि नेमक्या याच ठिकाणी घात होतो. पश्चिमेकडून डावीकडे वळायला कायम मोकळीक, म्हणजे फ्री लेफ्ट, दिलेली असते. आकृतीत हा बाण मग चारही चौकोनांत येतो. बाहेर पडणाऱ्या अर्ध्याला जो एकच टप्पा मोकळा होता, त्यातही वाहनं वाहत राहतात. पादचाऱ्याचे 23 सेकंद शून्यावर येतात आणि पट्टीवर ते कुठेही दिसत नाही, कारण फ्री लेफ्टला दिवाच नसतो.

आपल्या चौकाची तपासणी कोणालाही करता येते. मोबाइलवर चक्राची वेळ मोजा. एका रस्त्याचा हिरवा संपताना दर वेळी रांग शिल्लक राहत असेल आणि दुसऱ्याचा हिरवा रिकाम्या रस्त्यावर जळत असेल, तर वाटणी चुकली आहे. मग झेब्र्याचा एकेक अर्धा निवडून तो किती सेकंद खरोखर रिकामा असतो तेही मोजा. ते आकडे घेऊन वाहतूक पोलीस आणि महापालिकेला लिहा, चौकाची फेज डायग्राम मागा, आणि जिथे पायी वर्दळ आहे तिथे फ्री लेफ्ट बंद करून त्याला लाल दिवा लावा अशी स्पष्ट मागणी करा.